औषधांचा तक्ता मराठीत उतरवताना

«ताई, माझ्या सासूबाईंना (वय ७६) हृदय कमजोर झाल्यामुळे नऊ दिवस ठाण्यातल्या एका रुग्णालयात ठेवले होते, परवा घरी आणले. मधुमेह जुनाच आहे. सोबत चार पानांची इंग्रजी डिस्चार्ज समरी दिली आहे. मी सकाळी सातला ऐरोलीला नोकरीवर जाते ती रात्री आठला परतते, त्यामुळे औषधे सासरेच देणार. ते मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले आहेत, मराठी उत्तम वाचतात, इंग्रजी नाही. काल शब्दकोश घेऊन भाषांतर करायला बसले, तर पहिल्याच पानावर दोन तास गेले, आणि औषधांच्या तक्त्यात ‘ओडी’, ‘१४-०-८’, ‘५/७’ असे काहीबाही लिहिले आहे. हे मराठीत नेमके कसे लिहू? तक्त्याचा फोटो पाठवते आहे.»
— एक सून, कळवा

सप्रेम नमस्कार.

चारही पानांचे भाषांतर करू नका. निदान, ईसीजी आणि इको, रक्ताचे अहवाल, नऊ दिवसांत काय काय झाले याचा वृत्तान्त, हे सारे पुढच्या डॉक्टरांसाठी लिहिलेले असते आणि ते इंग्रजीतच राहिलेले बरे. सासऱ्यांच्या हाती जायचा मजकूर शेवटच्या पानावर ‘ॲडव्हाइस ऑन डिस्चार्ज’ या मथळ्याखाली आहे. तेवढाच उतरवा. त्याच्या आधी, दुसऱ्या पानावर, ‘ट्रीटमेंट गिव्हन’ असा आणखी एक तक्ता तुमच्या फोटोत अर्धवट दिसतो, त्याला मुळीच हात लावू नका. तिथे फ्युरोसेमाइडचे इंजेक्शन दिवसातून दोनदा असे लिहिले आहे आणि शेवटच्या पानावर त्याच औषधाची गोळी आहे. पहिली नोंद रुग्णालयात जे दिले गेले त्याची आहे, दुसरी घरी जे द्यायचे त्याची आहे. प्रामाणिकपणे सगळे उतरवायला बसलेला माणूस दोन्ही तक्ते मराठीत आणतो आणि घरात एकाच औषधाच्या दोन आज्ञा होतात.

आता तक्त्यातल्या अक्षरांविषयी. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत. ओडी म्हणजे रोज एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, आणि एसओएस म्हणजे गरज पडली तरच. हे अर्थ कोणताही मेडिकलवाला सांगेल. पण ‘दिवसातून दोनदा’ हे भाषांतर बरोबर असूनही घरात कामाचे नाही, कारण सासऱ्यांना हवा आहे तो घड्याळाचा काटा आणि हातात धरायची गोळी. म्हणून मूळ तक्ता जसा औषधांच्या क्रमाने लिहिला आहे तसा मराठीत उतरवू नका, वेळेच्या क्रमाने उतरवा. डॉक्टर औषधाकडून वेळेकडे जातात, घरी औषध देणारा वेळेकडून औषधाकडे जातो. सकाळी सातला सासरे कागदासमोर उभे राहतील तेव्हा त्यांना दहा ओळी चाळून ‘यातले आत्ता कोणकोणते’ हे शोधावे लागू नये. ‘सकाळी सात’ या ओळीतच त्या वेळेचे सगळे असावे.

औषधाच्या नावाचे भाषांतर नसते. स्ट्रिपवर ठळक अक्षरांत जे नाव आहे तेच देवनागरीत लिहा. ते न वाचताही ओळखता यावे म्हणून स्ट्रिपवर आणि कागदावर एकच क्रमांक लिहिलेले लहान कागद चिकटवा. ते पाकिटाच्या अशा बाजूला लावा की औषधाचे नाव, शक्ती आणि मुदत झाकली जाणार नाही. ‘छोटी पांढरी गोळी’, ‘गुलाबी गोळी’ अशी ओळख मात्र लिहू नका. पुढच्या महिन्यात मेडिकलमधून दुसऱ्या कंपनीची तीच गोळी मिळाली की रंग बदलतो आणि सासरे गोंधळून एक तर ती देत नाहीत किंवा दुसरीच कुठलीतरी पांढरी गोळी देतात. त्याऐवजी गोळी कशासाठी आहे ते दोन शब्दांत लिहा: ‘लघवीची’, ‘हृदयाची’, ‘साखरेची’.

आकड्यांचेही एक पथ्य आहे, आणि ते मी चुकतच शिकले. वेळ आणि संख्या अक्षरांत लिहा. घाईत लिहिलेला मराठी १ आणि ९ सारखे दिसतात, आणि मराठी चारचा आकडा इंग्रजी आठसारखा वाचला जातो. घरात दोन्ही लिप्यांचे आकडे वावरत असताना ‘दुपारी ४’ हे एखाद्या नातवाच्या डोळ्याला आठ वाटू शकते. ‘दुपारी चार वाजता, एक गोळी’ असे लिहिले की वाद मिटतो. गोळीची शक्ती तेवढी स्ट्रिपवर जशी छापली आहे तशीच उतरवा, कारण ती जुळवून पाहण्यासाठीच असते.

तुमच्या तक्त्यातली पहिली ओळ आहे ‘टॅब. फ्युरोसेमाइड ४० एमजी १-१-०’. तीन घरे म्हणजे सकाळ, दुपार, रात्र, आणि शेवटचे शून्य म्हणजे रात्री नाही. ही शरीरात साचलेले पाणी लघवीवाटे काढणारी गोळी आहे. तिचा परिणाम साधारण तासाभरात सुरू होतो आणि काही तास टिकतो. म्हणूनच दुसरी गोळी दुपारी आहे. ती रात्री दिली तर शहात्तर वर्षांची बाई रात्रभर चारचारदा उठेल आणि अंधारात न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळेल. येथे मराठीचा एक फसवा भाग आहे. आपली ‘दुपार’ बारापासून जवळजवळ पाचापर्यंत पसरलेली असते, आणि तुम्ही ‘दिवसातून दोनदा’ एवढेच लिहिले तर सासरे सवयीने ‘सकाळ-संध्याकाळ’ करून रात्रीच्या जेवणासोबत ती देतील. अशा गोळीची दुसरी वेळ डॉक्टर बहुधा दोन ते चारच्या दरम्यानची सांगतात. तुम्ही तास विचारून घ्या आणि तोच लिहा. सोबत कारणही लिहा: ‘संध्याकाळनंतर देऊ नये, रात्री लघवीला उठावे लागते.’ कारण कळले की माणूस विसरलेली गोळी रात्री नऊला भरून काढत नाही.

आता दुसरी ओळ, हृदयाची धावती गती आवरणाऱ्या गोळीची. सगळ्या कागदात मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते: ‘टॅब. डिजॉक्सिन ०.२५ एमजी १/२ ओडी ५/७’.

काही वर्षांपूर्वी नौपाड्यातल्या एका आजोबांच्या कागदावर अगदी हीच ओळ होती आणि मी तिचे भाषांतर ‘रोज एकदा अर्धी गोळी, पाच ते सात दिवस’ असे करून दिले होते. मला ते इतके उघड वाटले की कुणाला विचारावे असे मनातही आले नाही. दोन दिवसांनी त्यांची सून रुग्णालयाच्या औषध दुकानाचे बिल घेऊन आली आणि म्हणाली, “अर्धी-अर्धी सात दिवस दिली तरी साडेतीनच गोळ्या लागतील, मग यांनी मोजून पाच कशा दिल्या? बाकीच्या सगळ्या गोळ्या पुढच्या तपासणीपर्यंतच्या, चौदा दिवसांच्या आहेत.” मग आम्ही वॉर्डात फोन केला. निवासी डॉक्टर म्हणाले, “आठवड्यातले पाच दिवस द्यायची, शनिवार-रविवार नाही.” आठवड्याला पाच अर्ध्या, दोन आठवड्यांत दहा अर्ध्या, म्हणजे पाच गोळ्या. हिशेब तंतोतंत जुळला. चूक माझी होती, आणि ती पकडली ती इंग्रजी न येणाऱ्या बाईने.

या चिन्हाचा घोटाळा असा आहे की त्याला दोन परंपरा आहेत. ब्रिटिश पद्धतीत दिवस सातावर, आठवडे बावन्नावर आणि महिने बारावर लिहितात, म्हणजे ‘२/५२’ म्हणजे दोन आठवडे आणि ‘३/१२’ म्हणजे तीन महिने. त्या पद्धतीने ‘५/७’ म्हणजे पाच दिवस औषध घ्या आणि थांबवा. आपल्याकडे मात्र डिजॉक्सिनपुढे हेच चिन्ह ‘आठवड्यातले पाच दिवस’ या अर्थाने सर्रास लिहिले जाते. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, वयाबरोबर मूत्रपिंडाचे काम मंदावते, आणि या औषधाची उपयोगी मात्रा व अपायकारक मात्रा यांत अंतर फार थोडे असते. म्हणून आठवड्यातून दोन दिवस सुट्टी देऊन एकूण मात्रा कमी ठेवायची ही इथल्या अनेक डॉक्टरांची जुनी रीत आहे. पहिला अर्थ धरला तर औषध पाच दिवसांत बंद पडते आणि नाडी पुन्हा धावू लागते. ‘५/७’ कडे लक्षच न देता ‘रोज अर्धी’ एवढे लिहिले तर औषध साचत जाते. मग आधी अन्नावरची वासना जाते, मळमळते, नाडी मंद होते, कधी डोळ्यांसमोर पिवळसर-हिरवट दिसते. घरचे लोक मात्र ‘रुग्णालयातून आल्यापासून जेवत नाहीत, अशक्तपणा आहे’ असे म्हणत राहतात.

तुमच्या बाबतीत कोणता अर्थ आहे ते मी येथून ठरवणार नाही, आणि तुम्हीही ठरवू नये. दुसरा अर्थ जास्त संभवनीय आहे, पण संभव हा काही डोस नव्हे. बिलावरच्या गोळ्या मोजा. चौदा दिवसांसाठी पाच गोळ्या असतील तर आठवड्यातले पाच दिवस, सात असतील तर रोज, तीन असतील तर फक्त पाच दिवस, असा कल दिसेल. मेडिकलने अख्खी दहाची स्ट्रिप दिली असेल तर तेवढाही कळणार नाही. मोजणीने शंका पक्की होते किंवा फिटते. उत्तर मात्र वॉर्डातूनच यावे लागते. फोन करताना “पाच बाय सात म्हणजे काय?” असे विचारू नका, कारण पलीकडून घाईत “फाइव्ह बाय सेव्हन” हेच परत ऐकू येईल. “सोमवार ते शुक्रवार अर्धी आणि शनिवार-रविवार नाही, असेच ना? आणि किती आठवडे?” असे विचारा. मग कागदावर वारांची नावे लिहा. ‘सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र – सकाळी अर्धी गोळी. शनिवार, रविवार – ही गोळी नाही.’ भिंतीवरच्या दिनदर्शिकेत शनिवार-रविवारच्या चौकोनात फुली मारून ठेवा. गोळी दिली की त्या दिवसाच्या चौकोनात सासऱ्यांनी खूण करावी, म्हणजे ‘आज दिली होती का’ या प्रश्नाचे उत्तर स्मरणावर सोडावे लागत नाही.

त्याच ओळीतला ‘१/२’ हाही ‘एक-दोन’ असा वाचला गेल्याचे मी पाहिले आहे, म्हणून तो अपूर्णांक मराठी कागदावर आणूच नका. ‘अर्धी गोळी’ लिहा आणि गोळी कापण्याची छोटी डबी मेडिकलमधून आणा. सुरीने कापलेली गोळी सारखी दुभंगत नाही, आणि या औषधात अर्ध्याला महत्त्व आहे.

तिसरी ओळ इन्सुलिनची आहे आणि तिथे आकड्यांचे दोन गट शेजारी शेजारी बसले आहेत: ‘३०/७०’ आणि मग ‘१४-०-८’. ‘३०/७०’ हे मिश्रणाचे नाव आहे, मात्रा नव्हे. ते कुपीवरच्या नावाशी जुळते की नाही एवढेच पाहायचे. ‘१४-०-८’ म्हणजे सकाळी चौदा युनिट, दुपारी काही नाही, रात्री आठ युनिट. गोळ्यांच्या तक्त्यात ‘१-०-१’ मधला आकडा गोळ्यांची संख्या असतो आणि येथे तो युनिटची संख्या आहे, हे तक्ता सांगत नाही, तुम्हाला सांगावे लागेल. ‘युनिट’ हा शब्द तसाच ठेवा. ‘चौदा मात्रा’ किंवा ‘चौदा थेंब’ असले शुद्ध मराठी येथे घात करील.

या ओळीपुढे ‘हाफ ॲन अवर बिफोर फूड’ असे आहे आणि शब्दकोश त्याचे ‘जेवणापूर्वी अर्धा तास’ असे करील. इंग्रजीतल्या ‘फूड’मध्ये न्याहारीही येते, आपल्या ‘जेवणा’त ती येत नाही. सासऱ्यांच्या लेखी सकाळचे पोहे हे जेवण नव्हे, जेवण बाराला होते. तेव्हा चौदा युनिट साडेअकराला दिले जातील आणि रात्रीचे आठ त्यांच्या फार जवळ येतील. ‘सकाळच्या न्याहारीच्या अर्धा तास आधी’ आणि ‘रात्रीच्या जेवणाच्या अर्धा तास आधी’ असे दोन वेगळे उल्लेख करा. इन्सुलिन दिल्यावर खाणे लांबले तर साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. म्हणून त्याच ओळीखाली ‘खाणे तयार असल्याशिवाय टोचू नये’ असे लिहा. सासूबाई संकष्टी करत असतील तर हे आधीच डॉक्टरांपाशी काढा. चंद्रोदय बहुधा रात्री आठ-नऊच्या पुढे असतो, दिवसभर साबुदाणा आणि शेंगदाणे, आणि सकाळचे चौदा युनिट तर तेच. उपवासाच्या दिवशी किती द्यायचे हे कोणत्याही डिस्चार्ज समरीत लिहिलेले नसते. डॉक्टर जे सांगतील ते तुमच्या मराठी कागदावर स्वतंत्र ओळीत यायला हवे.

इन्सुलिनची आणखी एक गोष्ट कागदापेक्षा हातात पाहून ठरवायची आहे. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असते आणि पेनमधले १०० युनिट. सिरिंजाही त्याप्रमाणे वेगवेगळ्या येतात, ४० साठीची लाल टोपणाची आणि १०० साठीची नारिंगी टोपणाची. ४० च्या कुपीतून १०० च्या सिरिंजने चौदाच्या रेषेपर्यंत ओढले तर शरीरात जातील साडेपाचच्या आसपास युनिट. उलट १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ओढले तर चौदाऐवजी पस्तीस. मराठी कागद निर्दोष असून हा अपघात होतो, म्हणून कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकच असल्याचे तुम्ही स्वतः पाहा आणि कागदावर ‘लाल टोपणाचीच सिरिंज’ किंवा जी असेल ती लिहा. मेडिकलमधून नवी आणायला शेजारच्या मुलाला धाडायची वेळ आली तर रिकामी सिरिंज सोबत द्या.

‘पॅरासिटामॉल ६५० एसओएस’ ही ओळ ‘लागेल तेव्हा एक गोळी’ अशी लिहून मोकळे होता येते, पण त्यात तीन गोष्टी राहून जातात: कशासाठी, किती वेळाने पुन्हा, आणि दिवसाकाठी जास्तीत जास्त किती. या तिन्ही डॉक्टरांकडून विचारून लिहा. शिवाय ‘दुखल्यास’ असा मोघम शब्द वापरला की घरातल्या डब्यात पडलेली दुसरी एखादी अंगदुखीची गोळीही त्यात बसते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात आणि हृदय कमजोर असलेल्या माणसाला त्या बाधतात. म्हणून ‘दुखण्यावर फक्त हीच गोळी, दुसरी कोणतीही विचारल्याशिवाय नाही’ असे लिहिलेले बरे.

शेवटच्या दोन ओळी औषध देण्याच्या नाहीत. ‘ग्लिमेपिराइड – विथहेल्ड’ म्हणजे ती साखरेची जुनी गोळी तूर्त रोखून ठेवली आहे. ‘बंद’ एवढेच लिहिले तर ती कायमची गेली असे सासरे समजतील. काहीच लिहिले नाही तर पूर्वीच्या सवयीने ती डब्यातून निघेल आणि इन्सुलिनच्या जोडीला साखर आणखी खाली आणील. ‘तूर्त द्यायची नाही, डॉक्टर पुन्हा सुरू करा म्हणतील तेव्हाच’ हे त्याचे मराठी. तिच्याखालची ‘रेस्ट सीएसटी’ ही ओळ मात्र भाषांतरित होऊच शकत नाही. तिचा अर्थ ‘बाकीचे पूर्वीचे उपचार तसेच चालू ठेवा’ असा आहे, पण ‘बाकीचे’ म्हणजे कोणते, हे लिहिणाऱ्याच्या मनात राहिले आहे.

त्यासाठी घरातली सगळी जुनी औषधे एका पिशवीत घाला आणि प्रत्येक स्ट्रिपवरचे मोठे नाव सोडून खालचे बारीक अक्षरांतले नाव वाचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोच्या कोपऱ्यात एक जुनी स्ट्रिप दिसते, तिच्यावर बारीक अक्षरांत फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन अशी दोन नावे आहेत. म्हणजे नव्या तक्त्यातले फ्युरोसेमाइड त्या जुन्या गोळीतही आहे. ‘पूर्वीचे चालू ठेवा’ या आज्ञेने दोन्ही सुरू राहिल्या तर लघवीची मात्रा वाढेल, अंगातले पाणी व क्षार गरजेपेक्षा जास्त जातील, उभे राहताना भोवळ येईल. आणि पोटॅशियम उतरले की वर सांगितलेले डिजॉक्सिन अधिकच बाधते. कदाचित डॉक्टरांना ती जुनी गोळीही मुद्दाम हवी असेल. ते त्यांनीच सांगावे. तोवर ती स्ट्रिप टाकून देऊ नका, पण चालू औषधांच्या डब्यातून काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. ही चौकशी आजच्या आज करा.

या सर्व शंका एकदम विचारता याव्यात म्हणून आधी मराठी कागद पेन्सिलीने पूर्ण लिहा आणि जिथे शंका आहे तिथे जागा कोरी सोडा. अंदाजाने भरू नका. मग तो कागद, इंग्रजी समरी आणि औषधांची पिशवी घेऊन रुग्णालयात जा. वॉर्डातल्या डॉक्टरांची गाठ पडली नाही तर औषध विभागातले फार्मासिस्ट पहिली चाळणी करून देतात, आणि डोसचा प्रश्न असेल तिथे ते स्वतः डॉक्टरांना फोन लावतात. यात संकोच करण्याचे कारण नाही. रुग्णालयांना दिल्या जाणाऱ्या एनएबीएच मानांकनाच्या निकषांतच घरी जाताना द्यायच्या औषधांच्या सूचना समजतील अशा असाव्यात असे म्हटले आहे. तुम्ही आणलेला मराठी कागद तपासून त्यावर तारीख आणि सही मागा. मराठी वाचणाऱ्या सिस्टर ठाण्यात मिळतातच.

पुढच्या तपासणीच्या ओळीतही एक खास मराठी खाच आहे. समरीत ‘रिव्ह्यू आफ्टर १४ डेज’ आहे. आपण त्याला सहज ‘पंधरा दिवसांनी’ म्हणतो, आणि सात दिवसांना ‘आठ दिवसांनी’. बोलण्यात हे खपते, कारण ऐकणाऱ्याला वार कळलेला असतो. कागदावर मात्र गोळ्या चौदा दिवसांच्या आणि तपासणी पंधराव्या दिवशी असे झाले की एक दिवस औषधावाचून जातो. तारीख आणि वार दोन्ही लिहा, आणि त्याच्या आधीच्या दिवशी ‘गोळ्या किती उरल्या पाहा’ अशी नोंद दिनदर्शिकेत करा.

कागद पक्का झाला की तो सासऱ्यांना वाचून दाखवू नका, त्यांना वाचू द्या. “समजले का?” या प्रश्नाला आपल्या घरातले वडीलधारे नेहमी होच म्हणतात. त्याऐवजी रविवारी सकाळी डबा त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, “बाबा, आजची सगळी औषधे काढून ठेवता का? मी नुसती बघते.” मुद्दाम रविवार, कारण त्या दिवशी डिजॉक्सिन नसावे असे ठरले असेल तर त्यांचा हात त्या स्ट्रिपकडे जातो की नाही ते दिसेल. जिथे हात अडखळेल तिथे सासरे चुकत नसून तुमचे वाक्य चुकलेले असते, ते बदला. माझ्या एका कागदावर ‘अनशेपोटी’ असे लिहिले होते. आजीबाईंनी चहा-बिस्किट घेऊन मग गोळी घेतली, कारण त्यांच्या मते चहाने उपाशीपण मोडत नाही. मी तिथे ‘सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, पाण्यासोबत’ असे केले.

पुढच्या तपासणीत एखादा डोस बदलेल, बहुधा फ्युरोसेमाइडचा किंवा इन्सुलिनचा. त्या वेळी याच कागदावर खोडून वर नवा आकडा लिहू नका. नवा कागद करा, वर तारीख घाला, आणि औषधांच्या डब्याशेजारी चिकटवलेला जुना कागद काढून समरीच्या फायलीत ठेवा.